पौर्णिमेच्या संध्याकाळी होळीला भद्रा का आडवी येते?

होळी फाल्गुन पौर्णिमेला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या सुमारे अडीच तासांत पेटवावी, मात्र त्या वेळी भद्रा हा अशुभ मानलेला काळ नसावा, असे धर्मशास्त्र सांगते. एखाद्या वर्षी या दोन अटी एकमेकींच्या आड येतात. त्यामागचे कारण चंद्राच्या गतीत आहे आणि ते साध्या गणिताने उलगडते.

आकाशात चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते आणि ६ अंश सरकला की एक करण. म्हणजे करण ही अर्धी तिथी होय. फिरत्या सात करणांपैकी शेवटचे विष्टि. त्यालाच भद्रा म्हणतात. मोजणीचा क्रम ठरलेला असल्यामुळे १६८ ते १७४ अंशांचा टप्पा, म्हणजेच पौर्णिमेचा पूर्वार्ध, नेहमी भद्रेच्याच वाट्याला येतो. त्यामुळे भद्रा एखाद्याच पौर्णिमेला येते हा समज बरोबर नाही. ती प्रत्येक पौर्णिमेला असतेच. प्रश्न एवढाच की ती दिवसा सरते की रात्री.

पौर्णिमा १८० अंशांवर संपते आणि चंद्र पूर्ण होतो तो नेमका त्याच क्षणी. भद्रा त्याच्या साधारण बारा तास आधी सुटते. म्हणून पूर्णचंद्राचा क्षण रात्री आठला किंवा पहाटे पाचला आला, तर भद्रा दिवसाच सरलेली असते आणि प्रदोषकाळ मोकळा मिळतो. तोच क्षण भर दिवसा आला की अडचण होते, कारण आदल्या संध्याकाळी भद्रा असते आणि त्या दिवशीच्या संध्याकाळी पौर्णिमाच उरलेली नसते.

२०२५ साली नेमके हेच झाले. १३ मार्चला सकाळी १०:३५ च्या सुमारास पौर्णिमा लागली आणि १४ मार्चला दुपारी १२:२३ च्या सुमारास संपली. चंद्र तेव्हा पृथ्वीपासून दूर असल्याने सावकाश चालत होता आणि तिथी जवळजवळ २६ तास लांबली. १३ तारखेचा सगळा प्रदोषकाळ भद्रेने व्यापला आणि ती रात्री ११:२६ ला सुटली. भद्रा मध्यरात्रीपूर्वी संपत असेल तर ती संपल्यावर होळी पेटवावी, असा नियम असल्याने मुहूर्त रात्री साडेअकराच्या सुमारास आला.

२०२६ मध्ये पेच याहून अवघड झाला. पौर्णिमा २ मार्चला संध्याकाळी सहाच्या सुमारास लागली आणि ३ मार्चला संध्याकाळी पाचच्या सुमारास, सूर्यास्तापूर्वीच संपली. भद्रा मात्र पहाटे साडेपाचपर्यंत, जवळजवळ रात्रभर होती. अशा वेळी भद्रेचे मुख, म्हणजे तिचा सर्वांत अशुभ मानलेला भाग, टाळून आदल्या रात्रीच होळी करावी, की प्रतिपदा लागलेली असली तरी दुसऱ्या दिवशीचा प्रदोष घ्यावा, यावर ग्रंथांतील अटी पाहून निर्णय होतो आणि पंचांगकर्त्यांत मतभेद होतात ते इथेच. आधुनिक गणिताने आलेल्या वेळांत पंचांगापंचांगांत काही मिनिटांचाच फरक असतो. होळीची तारीख बदलते ती नियमांपैकी कोणता प्रबळ मानला यावरून.