मीटरवर कापड घेताना: चमक बघून सिल्क ठरवू नका
(शिलाईसाठी कापड आणणाऱ्या ग्राहकांसाठी)

गणपतीच्या आधीच्या महिन्यात आमच्याकडे शिवायला येणारं बरंचसं कापड "सिल्कचं" म्हणून येतं, आणि त्यातलं पुष्कळसं पॉलिएस्टर निघतं. पॉलिएस्टर वाईट असतं असं आमचं म्हणणं नाही. पण कापड कशाचं आहे हे आधी कळलं नाही, तर ते भिजवायचं की नाही, इस्त्री किती गरम ठेवायची, अस्तर कसलं लावायचं, सगळंच अडतं आणि तुमची तारीख पुढे जाते.

घोटाळा होतो तो चमकेमुळे. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली सॅटिन विणीचं पॉलिएस्टर सिल्कसारखंच चमकतं. उलट मर्सराइज केलेलं चांगलं कॉटनसुद्धा चमकतं आणि लोक ते पॉलिएस्टर समजून बाजूला ठेवतात. म्हणून कापड दाराशी, उजेडात न्या आणि हळूहळू तिरकं करा. सिल्कची चमक मऊ असते, घडी हलली की तिची छटा बदलत जाते. साध्या पॉलिएस्टरची चमक बहुतेक वेळा पांढरट आणि सगळीकडे सारखी दिसते. तरी हल्ली पॉलिएस्टरचा धागाही सिल्कसारखा चमकेल असा काढतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

खरं काम मुठीचं. कापडाचं टोक कोरड्या हातात घट्ट आवळून दहापर्यंत मोजा आणि सोडा. कॉटनवर कडक चुण्या पडतात आणि तशाच राहतात. पॉलिएस्टर लगेच उलगडतं, मागमूस राहत नाही. सिल्क या दोघांच्या मधलं: चुण्या पडतात, पण मऊ, आणि थोड्या वेळात निम्म्या सुटतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत मात्र हाताला सगळंच कापड गार आणि ओलसर लागतं, म्हणून "गार लागलं म्हणजे कॉटन" हा हिशेब इथे चालत नाही. खळ दिलेलं कापडही फसवतं. पातळ, विरळ कॉटन खळीमुळे भरीव लागतं आणि पहिल्या धुण्यात लुळं पडतं. अंगठ्याने चोळून बघा, खळ असेल तर पांढरी पूड सुटते.

मग दुकानदाराला मीटरभर कापड एका कोपऱ्याला धरून सोडायला सांगा. खळीचं कॉटन फुगून उभं राहतं, पॉलिएस्टर जॉर्जेट पाण्यासारखं सरळ खाली येतं, मऊ सिल्क गोलसर, जड घड्या घेत उतरतं. टसर आणि रॉ सिल्क मात्र ताठच राहतात, तेव्हा "ताठ आहे म्हणजे सिल्क नाही" असं म्हणू नका.

मागे एका ताईंनी लेकीच्या परकर-पोलक्यासाठी मोरपंखी रंगाचं 3 मीटर कापड सिल्कच्या भावाने घेऊन आणलं. मुठीत ते जवळजवळ पूर्ण उलगडलं. आम्ही कापलेल्या कडेतून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून वेगवेगळा जाळला. उभा वितळला, काळा धूर आला आणि कडक गोळी राहिली, म्हणजे पॉलिएस्टर. आडवा कागदासारखा जळून राखेची भुकटी झाली, म्हणजे कॉटन. सिल्क असतं तर जळक्या केसांचा वास आला असता आणि बोटाने चुरडणारी काळी गोळी राहिली असती. आडवा धागा कॉटनचा, म्हणून पन्हा आटण्याची भीती होती. कापड रात्रभर भिजवलं, सावलीत वाळवलं, मध्यम इस्त्री वर सुती फडका ठेवून फिरवली. पोलक्याला मलमलचं अस्तर लावलं, कारण पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि भाद्रपदातल्या उकाड्यात ते काखेत चिकटतं. कॉटन समजून कडक इस्त्री फिरवली असती, तर कापडावर तिथल्या तिथे चकाकता डाग उठला असता आणि तो जात नाही.

काही ग्राहकांना आम्ही धागा ओढतो ते आवडत नाही. पण तो शिलाईच्या कडेतलाच असतो, कापड कमी होत नाही. कॉटनला भिजवण्या-वाळवण्यासाठी आम्ही एक दिवस जास्त मागतो, तोही याच कारणाने: आधी आटलेलं कापड नंतर तुमच्या अंगावर आटत नाही.

सिल्क महाग आहे, म्हणून कापडावर सिल्क मार्कचं लेबल आहे का ते विचारा. सेंट्रल सिल्क बोर्डाच्या पुढाकाराने ते 2004 पासून दिलं जातं. लेबल नसेल आणि शंका असेल, तर दुकानदाराकडून बोटभर तुकडा मागून आणा. कापड कुठल्याही दुकानातलं असो, आम्ही तपासणीचे पैसे घेत नाही. काउंटरवर कॉटन, पॉलिएस्टर, सिल्क आणि मिश्र कापडाचे नमुने टांगलेले आहेत, ते खुशाल मुठीत आवळून बघा. मलमल आणि कॉटनचं अस्तर आमच्याकडे आधीच आटवलेलं मिळतं. गणपतीचं शिवणकाम असेल, तर कापड श्रावण लागण्याआधी आणा.