रिबाउंड आणि कॉम्प्रेशनचे स्क्रू वेगळे का झाले

जुन्या मोटारसायकलींत पुढचे चाक धरणारा स्प्रिंगचा सांगाडा, म्हणजे गर्डर फोर्क, असे आणि त्याच्या बाजूला हाताने आवळायची एक चक्री असायची. ती फिरवली की आतल्या चकत्या एकमेकींवर घट्ट बसत आणि घर्षणाने फोर्कची हालचाल मंदावे. पण घर्षणाला वेग कळत नाही. बारीक खडबडीत फोर्क जागचा हलत नसे आणि मोठ्या खड्ड्यात तेच घर्षण तोकडे पडे. शिवाय फोर्क दबताना, म्हणजे कॉम्प्रेशनला, आणि सुटताना, म्हणजे रिबाउंडला, अडवणूक सारखीच.

1935 मध्ये बीएमडब्ल्यूने आर 12 या मोटारसायकलवर तेलाने डॅम्पिंग करणारा, म्हणजे हालचाल मंदावणारा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा टेलिस्कोपिक फोर्क आणला. तेल वेगाप्रमाणे अडवते, हा मोठाच फरक होता. पण पुढची कित्येक दशके साध्या फोर्कमध्ये हे तेल ठरावीक मापाच्या भोकांतून जात राहिले आणि तिथेच गोची होती. भोकातून तेल पाचपट वेगाने ढकलायचे तर जोर जवळपास पंचवीसपट लागतो. ब्रेक दाबल्यावर नाक फार बुडू नये म्हणून भोक लहान ठेवले, तर खड्ड्यात फोर्क काठीसारखा ताठ होतो.

यावर उपाय म्हणजे शिम, पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत. दाब वाढला की त्या वाकतात आणि तेलाची वाट रुंद होते. शिमचे कार्ट्रिज फोर्क 1980 च्या दशकात रेसिंगमधून पसरले. दबण्याची आणि सुटण्याची वाट वेगळी असल्याने दोन्हींची चळतही वेगळी ठेवता आली आणि बाहेरून जुळवायचे स्क्रूही. ते गरजेचेच होते, कारण दबताना स्प्रिंग डॅम्परच्या जोडीने अडवते, तर सुटताना तीच स्प्रिंग ढकलत असते आणि डॅम्पर एकटा पडतो. म्हणून रिबाउंड सहसा जास्त कडक असतो.

आता नेहमी दिसणारी एक चूक घ्या. ओळीने आलेल्या उंचवट्यांवर पहिला नीट जातो, चौथ्याला हँडल हाताला धक्के देऊ लागते. रायडर म्हणतो, फोर्क नरम आहे, आणि कॉम्प्रेशन आवळतो. त्रास वाढतो! खरे तर रिबाउंड इतका मंद असतो, की दोन उंचवट्यांमध्ये फोर्क पुरता वर येत नाही आणि दर वेळी थोडा खालीच राहतो. फोर्कच्या नळीवर केबल टाय सैलसर बांधून पाहा. एकट्या उंचवट्यावर तो जिथवर सरकतो, त्याहून बराच पुढे ओळीवर सरकला, तर संशय पक्का. रिबाउंडचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन क्लिक मोजा, आकडा लिहून ठेवा. मग मूळ जागेपेक्षा दोन क्लिक बाहेर ठेवून तोच रस्ता पुन्हा चालवा. उंचवट्यानंतर पुढचा भाग वर-खाली डुलू लागला, तर जास्त सोडलात, एक क्लिक परत आत घ्या.

साध्या स्क्रूचा आवाका मात्र मर्यादित. तो सुईने एक छोटी वाट उघडतो-मिटतो, त्यामुळे परिणाम मुख्यतः संथ हालचालीवर होतो. इथे वेग गाडीचा नव्हे, फोर्क दबण्या-सुटण्याचा. तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात तेल शिम वाकवून जाते, तिथे क्लिकने फारसे साधत नाही. आणि बऱ्याच शॉक ॲब्सॉर्बरमध्ये रिबाउंडच्या सुईजवळून दबतानाही थोडे तेल जाते. तिथे रिबाउंड आवळला की हात न लावताही कॉम्प्रेशन थोडा कडक होतो.