फोनला ठिकाण कळतं, पण जरा उशिरा

‘आईच्या गोळ्या घ्यायच्या’ असा संध्याकाळी सातचा गजर लावला, आणि सात वाजता आपण अजून लोकलच्या गर्दीतच उभे असलो, तर तो गजर बंद करण्यापलीकडे काहीच करता येत नाही. पुढे ठाण्याला उतरेपर्यंत गोळ्या डोक्यातून गेलेल्या असतात. सात वाजणं आणि औषधाचं दुकान यांचा एकमेकांशी संबंधच नसतो. त्याऐवजी वेळ न देता ‘दुकानाजवळ आलो की आठवण कर’ असंही फोनला सांगता येतं.

गिल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅक्डॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये नेमका हाच फरक मांडला. पुढे करायच्या गोष्टी आपण दोन प्रकारे लक्षात ठेवतो: अमुक वेळ झाली की, किंवा अमुक काही समोर आलं की. दुसऱ्या प्रकारात समोरची गोष्टच आठवण करून देते. पहिल्यात मात्र घड्याळाकडे बघायचं भानही आपल्यालाच ठेवावं लागतं. ठिकाणाशी बांधलेलं रिमाइंडर आपलं काम पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात आणतं, म्हणून ते इतकं उपयोगी आहे. फक्त ते योग्य जागी वाजायला हवं, आणि तिथेच बहुतेकांची निराशा होते.

कारण समजायला सोपं आहे. आपण नकाशावर दुकान निवडतो तेव्हा फोन त्याभोवती एक वर्तुळ आखतो. याला जिओफेन्स म्हणतात. आपण वर्तुळाची सीमा ओलांडली की रिमाइंडर वाजतं. पण ती ओलांडली हे फोनला लगेच कळत नाही. जीपीएस सतत चालू ठेवलं तर बॅटरी भराभर उतरेल, म्हणून फोन मोबाइलचे टॉवर आणि आसपासचे वायफाय यांवरून अधूनमधून अंदाज घेतो. अँड्रॉइडवर बॅकग्राउंडमध्ये या अंदाजाला सरासरी दोन-तीन मिनिटं लागतात. फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सहा मिनिटांपर्यंतही. आयफोनच्या बाबतीत ॲपलने सांगितलेला नियम असा, की सीमा ओलांडून थोडं आत गेल्यावर आणि तिथे किमान 20 सेकंद राहिल्यावरच खबर दिली जाते. सीमेवर घुटमळणाऱ्याला फोनने पुन्हा पुन्हा त्रास देऊ नये, हा त्यामागचा हेतू.

आता हिशोब करू. दुकान ठाणे स्टेशनपासून चारशे मीटरवर आहे आणि आपण ताशी 5 किलोमीटरने चालत निघालो आहोत, असं धरा. म्हणजे मिनिटाला साधारण 83 मीटर. वर्तुळाची त्रिज्या 100 मीटर ठेवली, तर सीमेपासून दुकानापर्यंत पोचायला सव्वा मिनिटही लागत नाही. फोन दोन-तीन मिनिटांनी जागा होईल तेव्हा आपण दुकान मागे टाकून 70 ते 150 मीटर पुढे गेलेलो असू. हेच वर्तुळ 300 मीटरचं केलं तर रिमाइंडर दुकानाच्या 50 ते 130 मीटर अलीकडे वाजेल. एवढं अंतर पुरतं.

रिक्षाने जाणाऱ्याला हा आकडा चालणार नाही. ताशी 20 किलोमीटरच्या वेगाने तीन मिनिटांत एक किलोमीटर जातो. अशा वेळी दुकानाचा नाद सोडून स्टेशनभोवती किलोमीटरभराचं वर्तुळ आखणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मग लोकल थांबता थांबता किंवा आपण स्टेशनच्या पुलावर असताना फोन वाजेल, आणि रिक्षात बसायच्या आधीच ‘दुकानाशी दोन मिनिटं थांबायचं’ हे ठरवता येईल. आपण जिथे थांबतो, ती जागा नुसती ओलांडून जातो त्या जागेपेक्षा फोनला कितीतरी सोपी जाते. ताशी 60 किलोमीटरने धावणारी गाडी 100 मीटर त्रिज्येचं वर्तुळ 12 सेकंदांत पार करते. फोनला पत्ताही लागत नाही.

आयफोनवर हे करायला Reminders मध्ये नोंद लिहून त्याशेजारचं `i` चिन्ह दाबायचं, Location सुरू करायचं, Custom मध्ये जागा शोधून Arriving निवडायचं. मग नकाशावरच्या वर्तुळाच्या कडेचा ठिपका ओढून ते मोठं करायचं. ही शेवटची पायरी बरेच जण सोडून देतात. अँड्रॉइडवर ही सोय प्रत्येक ॲपमध्ये नसते. सॅमसंगच्या Reminder मध्ये आहे.

रिमाइंडर वाजलंच नाही तर आधी वायफाय बघा. बाहेर पडताना ते बंद करायची सवय अनेकांना असते. कुठेही जोडलेलं नसलं तरी चालेल, पण नुसतं चालू असेल तर फोन आसपासच्या वायफायवरून शहरात 20 ते 50 मीटरपर्यंत अचूक अंदाज घेऊ शकतो. जिथे आसपास वायफायच नाही अशा गावाकडच्या रस्त्यावर हाच अंदाज शेकडो मीटरने, कधी काही किलोमीटरनेही चुकतो, म्हणून तिथे लहान वर्तुळाचा उपयोग नाही. त्यानंतर आयफोनच्या लोकेशनच्या परवानगीत Precise Location चालू आहे ना, ते पाहा. आणि आणखी एक: आयफोनवर आपण आधीच वर्तुळाच्या आत बसून ‘इथे आल्यावर’ असं रिमाइंडर लावलं, तर ते लगेच वाजत नाही. एकदा बाहेर जाऊन परत यावं लागतं. घरी बसून घरातल्या कामासाठी रिमाइंडर लावणाऱ्यांचं हमखास इथेच अडतं.