स्लॅब भरताना खालचा धिरा बसला तर

स्लॅब भरायच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष वर असतं. पंप, व्हायब्रेटर, माल कुठं टाकायचा, लेव्हल काय, चहा कधी येणार. खाली मात्र दोन-तीन सेंट्रिंगवाले हातोडा घेऊन धिऱ्यांच्या, म्हणजे स्लॅबला खालून आधार देणाऱ्या उभ्या टेकूंच्या जंगलात फिरत असतात, कुठं पाणी गळतंय, कुठली चावी, म्हणजे पाचर, सैल झालीय, कुठं टेकू लावायचा ते बघत. मला वाटतं आख्ख्या साईटवर त्या दिवशी सगळ्यात धोक्याची जागा तीच असते, आणि तिथं माणूस ठेवायची सवय आपल्याकडे इतकी जुनी आहे की कुणाला त्यात काही वावगंच वाटत नाही. जुलै 2016 मध्ये पुण्यात बालेवाडीला चालू कामावर स्लॅब कोसळून नऊ मजूर गेले, तेव्हापासून मी स्लॅबच्या दिवशी आधी खालचं बघतो आणि मग वरचं.

एका साईटवर आमचा पार्किंगचा स्लॅब होता. जाडी 150 मिलिमीटर, उंची 4.2 मीटर, धिरे साधारण एक-एक मीटरवर. म्हणजे एका धिऱ्याच्या वाट्याला एक चौरस मीटर. आता हिशोब करू. ओलं काँक्रीट सळईसकट घनमीटरला अडीच टन, तर 150 मिलिमीटरचे झाले 375 किलो. प्लेटा, फळ्या, बॅटन यांचे 50, वर माणसं, व्हायब्रेटर, पाइप यांचे 250 धरा. एकूण पावणेसातशे किलो. धिरा म्हणून लावलेला चांगला लोखंडी जॅक तीन मीटर उंचीला अंदाजे दीड टन घेतो (बनावट आणि साइजप्रमाणे हे बदलतं), मग दुप्पट मोकळीक आहे असं वाटतं.

पण नळी उंच झाली की तिची ताकद सरळ प्रमाणात नाही तर उंचीच्या वर्गाने घटते. लांब काठीवर जोर दिला की ती चिरडत नाही, मधेच वाकून सटकते ना, तेच. 4.2 मीटरला दीड टनाचे राहिले जेमतेम 750 किलो. म्हणून इतक्या उंचीला मधोमध दोन्ही दिशांना आडवे पाइप आणि तिरप्या पाइपांची कैची बांधलीच पाहिजे, मग तीच नळी दोन लहान नळ्यांसारखी वागते. आणि जॅकची मूळ पिन हरवली म्हणून 8 मिलिमीटर सळईचा तुकडा घालतात ते बघितलं की माझं डोकं फिरतं, कारण 14 मिलिमीटरच्या पिनेच्या जागी 8 ची सळई म्हणजे क्षेत्रफळ एक तृतीयांशच उरलं.

आता माल कसा टाकतात ते बघा. पंपाच्या तोंडाशी ढीग होतो, तो नंतर फावड्याने ओढतात. नुसता 300 मिलिमीटर जादा ढीग एका चौरस मीटरवर पडला तरी त्या एका धिऱ्यावर पावणेसातशेवर आणखी 750 किलो चढले, म्हणजे भार दुपटीच्याही वर गेला. पाइप हलवायला कंटाळा येतो हे खरंय, पण ढीग थोडा-थोडाच पाडायचा आणि लगेच पसरायचा.

भरायचा क्रमही तितकाच महत्त्वाचा, आणि इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही. प्लेटांखालचा आडवा बॅटन सलग तीन-चार धिऱ्यांवरून जातो. एका टोकाचा गाळा भरला की तिथं बॅटन खाली दबतो आणि पुढच्या रिकाम्या गाळ्यात तो किंचित वर उचलला जातो. मग तिथला धिरा मोकळा होतो, व्हायब्रेटरच्या थरथरीने सरकतो, कधी आडवाही होतो, आणि मग माल तिथं पोचतो तेव्हा खाली आधारच नसतो. म्हणून धिऱ्याचं डोकं बॅटनला खिळ्याने, क्लॅम्पने पक्कं हवं. बाल्कनीसारखा बाहेर झुकलेला भाग आधी भरायचा नाही, आतला भार बसल्यावरच. आणि कॉलम आधीच भरून कडक झालेले असले तर सगळ्या सेंट्रिंगला आडवं टेकायला काहीतरी राहतं.

तर आमच्या त्या स्लॅबला आदल्या रात्री पाऊस झाला होता. आम्ही बाहेरच्या दोन कॉलमना आधी खुणा करून प्लेटांच्या खाली दोरी ताणली होती आणि प्लेटांपासून लोखंडी पट्ट्या लोंबत्या सोडल्या होत्या. पट्टी दोरीच्या खाली किती आली ते बाहेर उभं राहून दुर्बिणीतून वाचता येतं, आत जायची गरज नाही. सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर खाली येतंच, सांधे आवळून बसतात. पण एका ओळीत आकडा 4 झाला, मग 9, आणि वीस मिनिटांत 14. किती बसलं त्यापेक्षा ते थांबतंय की वाढतंय हे बघायचं, आणि हे थांबत नव्हतं.

इथं आणखी एक कारण लपलेलं असतं. वरचे लोक दोरीला लेव्हल धरून भरत असतात, त्यामुळे खाली जेवढं बसलं तेवढा माल वरून आपोआप जास्त पडतो. 30 मिलिमीटर बसलं की चौरस मीटरला 75 किलो जादा. त्या भाराने अजून बसतं, अजून माल पडतो. वरून बघणाऱ्याला स्लॅब एकदम सपाट दिसतो.

आमचे मिस्त्री हातोडा घेऊन निघालेच होते, "साहेब, दोन चाव्या मारतो, लगेच वर येईल." मी ओरडलो, "मिस्त्री, हातोडा तिथंच टाका आणि बाहेर या, आधी बाहेर या!" कारण भरलेल्या स्लॅबखाली एक जॅक वर आवळला की तो शेजारच्यांचा भार स्वतःवर ओढतो, शेजारचे सैल होतात, आणि आवळलेलाच आधी वाकतो. जमीन खचणं हळू होतं, पण नळी वाकणं क्षणात होतं, पळायला वेळ मिळत नाही. नळी वाकल्याचा आवाज ऐकून कुणी बाहेर येईल या भरवशावर राहता येत नाही.

पंप बंद केला, व्हायब्रेटर बंद. खालचे सगळे बाहेर, मुकादमाने नावं घेऊन मोजले. त्या गाळ्यावरचे लोकही सावकाश, एकेक करून, पक्क्या बीमवरून बाजूला घेतले. अर्धा तास नुसती पट्टी वाचत बसलो, आकडा 16 वर येऊन थांबला. थांबल्यावर मग बाजूच्या बीमवर उभं राहून घमेल्याने त्या गाळ्यातला माल काढला, तोही कडेकडेने. हे काम काँक्रीट आवळायला लागायच्या आतच जमतं, तोवर तास-दोन तास हातात असतात, उन्हात त्याहून कमी. एकदा आवळल्यावर खालून जॅकने उचललं तर स्लॅबला तडे जातात, सळईचा आणि काँक्रीटचा धर सुटतो. बाकीच्या भागात तिथंच सरळ फळी लावून जॉइंट दिला आणि काम बंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्या ओळीच्या धिऱ्यांखालच्या फळ्या उचलल्या. खाली दोन आठवड्यांपूर्वी टाकलेल्या ड्रेनेज पाइपची चर निघाली, नुसती माती लोटून बुजवलेली, आणि रात्रीच्या पावसाने ती मऊ झाली होती. चरीच्या दोन्ही बाजूंचे धिरे एक मिलिमीटरही बसले नव्हते.