चढावर ताकद सोडणारी इलेक्ट्रिक स्कूटर

सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालणारी स्कूटर चढावर मध्येच ताकद सोडते, मीटरवर चार्ज दिसत असतो आणि थोडं थांबलं की ती पुन्हा चालते. असं झालं की सहसा मोटरला दोष दिला जातो. पण आधी पाहायला हवेत ते बॅटरी, मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा कंट्रोलर आणि ब्रेकच्या लिव्हरमधला छोटासा स्विच.

समजा, 48 व्होल्टची स्कूटर आहे आणि चालकासह वजन 150 किलो आहे. ताशी 25 किलोमीटरने सपाट रस्त्यावर बॅटरीतून साधारण 7 अँपिअर प्रवाह जातो. तोच वेग 100 मीटरला 10 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ठेवायचा तर सुमारे 35 अँपिअर लागतात. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध 0.2 ओहम असेल, तर सपाटीवर व्होल्टेज दीडेक व्होल्टने पडतं, चढावर मात्र तब्बल 7 व्होल्टने. म्हणजे 47 व्होल्ट दाखवणारी बॅटरी 40 वर येते आणि 42 व्होल्टला पुरवठा तोडणारा कंट्रोलर मोटर बंद करतो. भार जाताच व्होल्टेज पुन्हा वर येतं. म्हणून उभ्या गाडीवर मोजून हा दोष सापडत नाही, चढावर चालत्या गाडीचंच व्होल्टेज पाहावं लागतं.

रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमध्ये लिव्हर दाबला की स्विचचा इशारा कंट्रोलरकडे जातो. तो मोटरचा पुरवठा तोडतो आणि चाकाच्या गतीवर मोटरला जनित्रासारखी चालवून प्रवाह बॅटरीत परत पाठवतो. चढावर थांबताना आपण ब्रेक धरून ठेवतो. लिव्हर पूर्ण परतला नाही, तर ब्रेक लागलेलाच आहे असं कंट्रोलर धरतो आणि ॲक्सिलरेटर पिळूनही गाडी हलत नाही. अशा वेळी मागचा लाल दिवा पाहावा. लिव्हर न धरताही तो पेटलेला असेल, तर आधी स्विचच तपासावा.

मोटरचं चाक उचलून हाताने फिरवणं ही मला सर्वांत उपयोगी वाटणारी चाचणी. ती चावी बंद करूनच करावी. चाक अडखळत, जड फिरत असेल, तर यांत्रिक ब्रेक घासत नाही ना हे आधी पाहावं. मग बॅटरी काढून मोटरच्या तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवाव्यात आणि टोकं एकमेकांना लागू देऊ नयेत. आता चाक हलकं झालं तर कंट्रोलरमधला मॉसफेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झाला आहे. तरीही जडच राहिलं तर दोष मोटरच्या वाइंडिंगमध्ये किंवा बेअरिंगमध्ये आहे.

पूर्ण चार्ज करून लगेच लांब उतार उतरल्यावरही स्कूटर अशीच ताकद सोडू शकते. भरलेली बॅटरी परत येणारा प्रवाह घेत नाही, व्होल्टेज मर्यादेपलीकडे चढतं आणि कंट्रोलर स्वतःला बंद करतो. काही कंट्रोलर चावी बंद करून पुन्हा लावेपर्यंत त्याच स्थितीत राहतात, त्यामुळे बिघाड लक्षात येतो तो उतार संपून पुढचा चढ लागल्यावर.