गेलेल्या दाढेचा निर्णय शेजारच्या दातांवर

खालची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि अनेकांच्या तोंडातून सर्वांत आधी जाते तीही हीच. समजा, एका पन्नाशीच्या बाईंची ही दाढ सहा महिन्यांपूर्वी काढली आहे. इम्प्लांट, ब्रिज की काढता-घालता येणारी कवळी, हे ठरवताना बहुतेक जण रिकाम्या जागेकडे पाहतात. माझ्या मते आधी त्या जागेच्या पुढचा आणि मागचा दात पाहावा.

ब्रिज म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तीन कॅप. दोन्ही टोकांच्या कॅप शेजारच्या दातांवर बसतात आणि मधली त्यांच्या आधाराने राहते. त्यासाठी ते दोन्ही दात चहूबाजूंनी घासावे लागतात. दात निरोगी असतील तर घासलेलं एनॅमल पुन्हा येत नाही आणि कधी कधी काही वर्षांनी त्यांची नस मरून रूट कॅनाल करावं लागतं. दुसरा धोका अधिक फसवा आहे. एका टोकाचं सिमेंट सुटलं, तरी दुसरं टोक ब्रिज धरून ठेवतं. तो पडत नाही, पण सुटलेल्या कॅपखाली लाळ शिरून दात गुपचूप किडत राहतो. चावताना ब्रिज किंचित दबल्यासारखा वाटला किंवा तिथून दुर्गंधी येऊ लागली, तर लगेच दाखवावं.

या बाईंचे शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील, तर मी इम्प्लांटकडे झुकेन. त्यात टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात, साधारण तीन महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं आणि मग वर कॅप बसते. शेजारच्या दातांना हात लागत नाही.

पण हाड पुरेसं हवं. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते. स्क्रू साडेचार मिलिमीटरचा घेतला आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर हाड ठेवलं, तर साडेसात मिलिमीटर रुंदी लागते. थ्री-डी स्कॅनमध्ये ती पाचच निघाली, तर आधी हाड वाढवावं लागेल. खालच्या जबड्यातून ओठाची संवेदना नेणारी नस जाते. स्क्रूचं टोक तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर दूर हवं, नाहीतर ओठ बधिर राहू शकतो. धूम्रपान किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल, तर इम्प्लांटभोवतीचं हाड झिजण्याचा धोका वाढतो.

आता चित्र थोडं बदलू. मागच्या दाढेचं रूट कॅनाल झालंय आणि पुढच्या दातात मोठं फिलिंग आहे. दोघांनाही कॅप लागणारच असेल आणि त्यांची मुळं घट्ट असतील, तर ब्रिज मला जास्त पटतो. काही आठवड्यांत काम होतं, शस्त्रक्रियाही टळते.

एकाच दाढेसाठी कवळी मी सहसा सुचवत नाही. एवढीशी कवळी गिळली जाण्याची किंवा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, म्हणून ती जबड्याच्या दुसऱ्या बाजूपर्यंत न्यावी लागते. एका दाढेसाठी तोंडात एवढं काही बाळगणं अनेकांना नकोसं होतं. मात्र आणखी दात गेलेले असतील, किंवा इम्प्लांटपूर्वी शेजारचे दात कलू नयेत म्हणून काही महिने जागा राखायची असेल, तर ती उपयोगी पडते.