सोशल मीडिया बंद करण्याआधी: ग्राहक कुठून आला हे कसं ओळखायचं

महिन्याचा अहवाल पाठवला की एक प्रश्न हमखास येतो: ‘इन्स्टाग्रामच्या नावावर विक्रीच दिसत नाही, मग तिथला खर्च थांबवू का?’ फोनवर हे दर वेळी नीट समजावता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच देतोय.

समजा, तुम्ही सॅक विकता. एका बाईंना तुमचं रील दिसतं. पाऊस लागूनही आतली वही कोरडी राहते, एवढंच त्यात आहे. त्या रील सेव्ह करतात, बहिणीला पाठवतात. लिंकवर मात्र क्लिक करत नाहीत. आठवड्याभराने जुन्या सॅकची चेन जाते, तेव्हा त्यांना तुमचं नाव आठवतं. मोबाइलवर गुगलमध्ये नाव टाकून त्या साइटवर येतात, सॅक कार्टमध्ये टाकतात, ईमेल भरतात आणि पैसे न भरताच निघून जातात. दुसऱ्या दिवशी तुमचा आठवणीचा ईमेल जातो. तो त्या लॅपटॉपवर उघडतात आणि तिथूनच खरेदी करतात.

गुगल ॲनालिटिक्समध्ये ही ऑर्डर ईमेलच्या खात्यात जमा होते. ग्राहक पहिल्यांदा कुठून आला हे सांगणारा User acquisition हा अहवाल उघडलात तरी तिथेही ईमेलच दिसेल. साइटवर लॉगिन नसेल, तर लॅपटॉपवरच्या बाई त्याच्या लेखी नव्याच असतात. इन्स्टाग्रामवर जे घडलं ते तुमच्या साइटबाहेर घडलं, त्यामुळे ॲनालिटिक्समध्ये त्याची नोंद कुठेच नाही. उलट बाजूने, इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या जाहिरात खात्यात आकडा फुगलेला दिसतो, कारण क्लिकनंतर सात दिवसांत किंवा जाहिरात नुसती दिसल्यावर एका दिवसात झालेली खरेदी ते सहसा आपल्याच नावावर धरतात. दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत म्हणून आमच्यावर रागावू नका. ते जुळायचेच नाहीत.

आता ज्या चुकीत आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती सांगतो. बायोमध्ये, स्टोरीत, व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टमध्ये तुम्ही साइटची कोरी लिंक टाकता. व्हॉट्सॲपमधून कोऱ्या लिंकवरून आलेला माणूस बहुधा Direct मध्ये पडतो, म्हणजे पत्ता स्वतः टाइप करून आलेल्यांत मिसळतो. महिनाअखेरीला तो ढीग उपसून कोण कुठला हे सांगणं कोणालाच शक्य नसतं, आम्हालाही नाही. लिंक अशी हवी:

```
https://example.com/sack?utm_source=whatsapp&utm_medium=social&utm_campaign=sack_paus
```

प्रश्नचिन्हानंतरची शेपटी म्हणजे टॅग: `utm_source` म्हणजे जागा, `utm_medium` म्हणजे प्रकार, `utm_campaign` म्हणजे मोहीम. सगळं लहान लिपीत लिहा. `WhatsApp` आणि `whatsapp` या अहवालात दोन वेगळ्या ओळी होतात. `utm_medium` मध्ये मनाला येईल ते लिहू नका, नाहीतर ती भेट Unassigned मध्ये, म्हणजे कुठल्याच प्रकारात न बसणाऱ्यांत, जाऊन बसते. आम्ही दिलेल्या लिंकची शेपटी ‘लांब दिसते’ म्हणून कापणारेही आहेत. लांब वाटली तर शॉर्ट लिंक मागा, कापू नका.

टॅग लावूनही रील पाहून नंतर नाव शोधणारे सुटतातच. त्यांच्यासाठी आम्ही दोन गोष्टी करतो. ऑर्डर पक्की झाल्याच्या पानावर एकच प्रश्न ठेवतो: ‘आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?’ उत्तराची जागा मोकळी असते. पर्यायांची यादी दिली की लोक वरचाच पर्याय टिचकवतात. दुसरं, गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये तुमच्या नावाचे शोध दर आठवड्याला मोजतो. रील थांबवल्यावर काही आठवड्यांत ते शोध उतरू लागले आणि सणासुदीसारखं दुसरं कारण दिसत नसेल, तर विक्री कुठून येत होती याचा अंदाज येतो. पुरावा मात्र नव्हे. यासाठी अहवाल थोडा उशिरा येतो, ही तक्रार आम्हाला मान्य आहे. पण नुसता स्क्रीनशॉट पाठवणं आम्हाला पटत नाही.

दुसऱ्या खरेदीसाठी ॲनालिटिक्सच्या नादी लागू नका, ऑर्डरची यादी उघडा. फोन नंबरनुसार लावा आणि प्रत्येकाच्या पहिल्या-दुसऱ्या ऑर्डरमधलं अंतर काढा. मधला आकडा समजा 70 दिवस आला, तर साठाव्या दिवसाच्या सुमारास ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असायला हवं. या टप्प्यावर नव्या ग्राहकांसाठीची जाहिरात फारशी कामाची नाही. सॅक कशी धुवायची याचा छोटा व्हिडिओ आणि मेसेजमधल्या प्रश्नाला वेळेवर उत्तर, याचा जास्त उपयोग होतो. ‘चेन बदलून मिळेल का?’ ही कमेंट चार दिवस अनुत्तरित राहिली, तर ती नवा ग्राहकही वाचतो आणि जुनाही.

नवी मोहीम सुरू करण्याआधी दोन दिवस फक्त जागा आणि तारीख कळवा. टॅग लावलेल्या लिंका आम्ही तयार करून देतो, मासिक करारात त्याचे वेगळे पैसे नाहीत. ऑर्डरच्या पानावरचा प्रश्न आणि फेरखरेदीचा तक्ता हवा असेल, तर तसं सांगा. त्यासाठी ऑर्डरची यादी आणि साइटचा ॲक्सेस लागेल.